मागितल्यास मिळेल

शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांच्या आसपास, एक छोटा परिच्छेद असतो. त्यात लिहायचं असतं की या निबंधामागचा डेटा आणि कोड कुठे आहे, कुणाला मिळेल आणि कसा. तो फारसं कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता, लिहायची वेळ येईपर्यंत.

माझी मैत्रीण किनाऱ्यावर संशोधन करते आणि मी सॉफ्टवेअर लिहितो. वाढवण-वरोरच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ पट्टा उपग्रहाच्या चित्रांतून मोजायचा आणि तिथले मच्छीमार नेमके कुठे मासेमारी करतात ते नकाशावर आणायचं, असं तिचं काम होतं. कोड माझा होता, म्हणून निबंधावर माझंही नाव होतं. सादर करायच्या आदल्या रात्री तिने फोन करून सांगितलं, "तो डेटाचा परिच्छेद तेवढा तू लिही." मी दोन मिनिटांत लिहिला: वाजवी विनंती केल्यास सर्व डेटा व कोड लेखकांकडून उपलब्ध करून दिला जाईल.

दोन महिन्यांनी परीक्षकांचा अभिप्राय आला. बाकी सगळं किरकोळ होतं. या वाक्याखाली मात्र एकाने तीन प्रश्न लिहिले होते. 'सर्व' म्हणजे काय काय? 'वाजवी' कोण ठरवणार? आणि तुम्ही दोघं नोकरी बदललीत तर विनंती कुणाला करायची?

मला राग आला, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'सर्व' डेटा तर माझ्याकडेही नव्हता.

हे वाक्य किती पोकळ असतं, याची मोजदाद झालेली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकातल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना ईमेल पाठवून डेटा मागितला गेला. हे सगळे असे लेखक होते की ज्यांनी 'मागितल्यास देऊ' असं स्वतःच लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात डेटा दिला १२२ जणांनी. बाकीच्यांनी एकतर उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं. ते सगळे खोटारडे असतील असं मला वाटत नाही. बहुतेकांनी माझ्यासारखंच रात्री दोन मिनिटांत ते वाक्य लिहिलं असणार.

पण वाढवणबद्दल असं लिहून चालत नाही. इथे प्रस्तावित बंदरावरून पंचवीसहून जास्त वर्षं वाद चालू आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर नेमलेल्या, न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथल्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, नव्या अध्यक्षांच्या काळात, जुलै २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकायची योजना आहे. अशा ठिकाणचा नकाशा कुणीही केला तरी दोन्ही बाजू तो उघडून बघतात, आणि दोन्ही बाजूंना पहिला प्रश्न एकच पडतो: हे कशावरून?

म्हणून आम्ही तो परिच्छेद पुन्हा लिहायला बसलो. मैत्रिणीने एक साधी युक्ती सुचवली. निबंधातली प्रत्येक आकृती आणि प्रत्येक तक्ता घ्यायचा आणि त्याच्यासमोर लिहायचं की तो कुठल्या फाइलींतून आणि कुठल्या कोडमधून निघाला आहे. मग प्रत्येक फाइलीला विचारायचं: देता येते, अटींवर देता येते, की नाहीच? 'सर्व डेटा' हा शब्द तिथेच संपला. आमच्याकडे निरनिराळ्या जातीचे चार ऐवज निघाले.

पहिला सगळ्यात सोपा वाटला: उपग्रहाची चित्रं. ती युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची आहेत आणि कुणालाही फुकट मिळतात. मी लिहिलं, "उपग्रह-चित्रे कोपर्निकसच्या संकेतस्थळावर खुली आहेत." हे खरं आहे, पण पुरेसं नाही. ते कसं कळलं ते सांगतो, कारण त्यात आम्ही स्वतःच आपटलो होतो.

पाणी ओळखायला आम्ही एक निर्देशांक वापरतो. हिरव्या प्रकाशाच्या आकड्यातून जवळच्या अवरक्त प्रकाशाचा आकडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा एका ठिकाणी हिरवा ८०० आणि अवरक्त ६०० आहे. वजाबाकी २००, बेरीज १,४००, म्हणजे निर्देशांक ०.१४. ओला खडकही शून्याच्या थोडा वर जातो, म्हणून आम्ही सीमा ०.१ धरली होती. ०.१४ त्याच्या वर आहे, म्हणजे ते पाणी.

आता गंमत बघा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि चित्रातल्या प्रत्येक आकड्यात १,००० मिळवले जाऊ लागले. वापरणाऱ्याने ते वजा करायचे असतात. माझा कोड ते करत नव्हता. त्यामुळे त्याच ठिकाणचे आकडे १,८०० आणि १,६०० झाले. वजाबाकी तीच २००, पण बेरीज ३,४००. निर्देशांक ०.०६ वर आला आणि ते पाणी माझ्या कोडने जमीन म्हणून नोंदवलं.

परिणाम असा की २०२१ आणि २०२३ ची चित्रं शेजारी ठेवली तर वाढवणसमोरचा उघडा पट्टा ठळकपणे रुंदावलेला दिसत होता. मैत्रिणीने तर चर्चेच्या भागात गाळ साचण्यावर दोन ओळीही लिहिल्या होत्या. चूक पकडली गेली ती योगायोगाने. मी कोड तपासायला म्हणून किनाऱ्यापासून लांब, आत सूर्या नदीवरच्या धामणी धरणावर चालवला, तर त्या जलाशयाच्या कडाही नेमक्या त्याच तारखेनंतर आत सरकल्या. समुद्र आणि धरण एकाच दिवशी आटत नाहीत. बदल निसर्गात नव्हता, फाइलीत होता.

म्हणून 'चित्रे खुली आहेत' एवढ्याने काही होत नाही. दुसऱ्या कुणी तीच चित्रं घेऊन माझा जुना कोड चालवला, तर त्याला तोच खोटा गाळ सापडेल. निवेदनात आम्ही प्रत्येक चित्राचं पूर्ण नाव असलेली यादी जोडली, कारण त्या नावातच प्रक्रियेची आवृत्ती असते. आणि कोडमध्ये दुरुस्त केलेला संग्रह कुठला वापरला तेही लिहिलं: `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED`. शेवटचा शब्द गाळला तर जुनी चूक परत येते.

दुसरा ऐवज होता भरती-ओहोटीचा. चित्र घेतलं त्या क्षणी पाणी किती चढलेलं होतं हे कळल्याशिवाय पट्टा मोजण्यात अर्थ नाही. त्यासाठी आम्ही एक तयार मॉडेल वापरलं. ते नोंदणी केल्यावर मिळतं, पण त्याच्या फाइली पुढे वाटायचा हक्क आम्हाला नाही. इथे 'आमच्याकडे आहे, मागा' असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू देऊ करणं झालं. प्रामाणिक वाक्य असं: हे कुणाचं, कुठली आवृत्ती, कुठे नोंदणी करायची, आणि त्यातून आम्ही काढलेले आकडे (प्रत्येक चित्रासाठी पाण्याची एक पातळी) आमच्या फाइलीत आहेत.

हे आकडे मांडताना एक गोष्ट समोर आली, जी गावात कुणालाही विचारली असती तर लगेच कळली असती. सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. आणि आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि खरी खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे उपग्रह येतो तेव्हा उधाणाचं पाणी जवळजवळ पूर्ण चढलेलं असतं. भांगाच्या दिवसांत दुपारी ओहोटी असते खरी, पण भांगाची ओहोटी ती, पाणी फार लांब जातच नाही.

थोडक्यात, खडकाचा सगळ्यात खालचा पट्टा या उपग्रहाला कधीच दिसत नाही. कालवं काढायला पहाटे बायका जिथपर्यंत जातात, त्या जागेचं एकही चित्र या संग्रहात नाही. ढगांमुळे नाही, घड्याळामुळे. हा डेटा आम्ही लपवलेला नाही, हरवलेलाही नाही, तो अस्तित्वातच नाही. निवेदनात यासाठी वेगळं वाक्य लागतं, कारण नाही तर वाचणारा आमच्या नकाशात त्या जागी पाणी बघतो आणि समजतो की तिथे खडक नाही. बंदराच्या वादात हा गैरसमज साधा नाही.

तिसरा ऐवज सगळ्यात नाजूक होता. अकरा बोटींच्या तांडेलांनी काही महिने फोनवर जीपीएस चालू ठेवून आम्हाला त्यांचे मार्ग दिले होते. परीक्षकाला ते हवे होते. मलाही सुरुवातीला वाटलं, की नावं काढून टाकू आणि देऊन टाकू. माझ्या धंद्यात खुलं म्हणजे चांगलं, असंच शिकवलेलं असतं.

मैत्रीण म्हणाली, आधी विचारून येऊ. गेलो. एका काकांच्या ओट्यावर चहा झाला. मी लॅपटॉपवर त्यांच्याच बोटीचा मार्ग दाखवला, नाव नसलेला. त्यांनी पाच सेकंदांत ओळखला. "ही माझी. आणि ती खालची वळणारी माझ्या मेव्हण्याची."

"काका, पण यात नाव कुठे आहे?"

"नाव कशाला पायजे? त्या खाडीतून सुटणारी बोट एकच आहे. आणि हा जाळ्याचा मुक्काम बघ, रोज तिथेच. हा नेटवर टाकलास तर उद्या दुसरा येऊन खुंट मारील तिथं."

त्यांचं म्हणणं भीतीपोटी नव्हतं. डोल जाळी समुद्रात ठरलेल्या जागी खुंटांना बांधतात, त्या जागेला कव म्हणतात. कवींच्या हद्दीवरून पालघरच्या आणि दक्षिणेकडच्या वसई-उत्तनच्या मच्छीमारांत जुना वाद आहे. शिवाय आम्ही मार्ग गोळा करताना तोंडी सांगितलं होतं की हा नकाशा निबंधात एकत्रित स्वरूपात येईल. 'कुणीही उतरवून घेईल' असं आम्ही सांगितलं नव्हतं. परवानगी जेवढ्या गोष्टीची घेतली, तेवढीच असते. परीक्षकाने मागितलं म्हणून ती मागाहून वाढत नाही.

मग आम्ही आकडे गोल करून बघितले. अक्षांश-रेखांशांचे शेवटचे अंक उडवले तरी बोट सुटते कुठून आणि थांबते कुठे हे कळतंच. अकराच बोटी असल्या की गर्दीत लपायला गर्दीच नसते. शेवटी समुद्राचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात एकूण किती वेळ मासेमारी झाली तेवढंच ठेवलं. ज्या चौकोनात तीनपेक्षा कमी बोटी गेल्या होत्या तो रिकामा सोडला. हा नकाशा घेऊन आम्ही पुन्हा त्या ओट्यावर गेलो. काकांनी आणि आणखी चार तांडेलांनी बराच वेळ बघितला, कुठली बोट कुठली ते ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "हा टाक," म्हणाले.

याची किंमत आहे आणि ती निवेदनात लिहावी लागते. चौकोनांच्या फाइलीतून आमची आकृती २ पुन्हा काढता येते. तक्ता ३, ज्यात बोटींची किनाऱ्यापासूनची अंतरं आहेत, तो काढता येत नाही. आणि रिकामे सोडलेले चौकोन म्हणजे 'इथे कुणी जात नाही' असं नव्हे. म्हणून फाइलीत शून्य आणि 'रोखलेलं' यांना वेगवेगळी खूण दिली. ती दिली नसती तर कुणीतरी तो नकाशा दाखवून म्हणू शकला असता, की बघा, इथे मासेमारी होतच नाही.

मूळ मार्ग कुणाला मिळतील? 'वाजवी विनंती' याऐवजी आम्ही ठरवून लिहिलं: विनंती गावातल्या मच्छीमार संस्थेकडे आणि मैत्रिणीच्या विभागाच्या सामायिक पत्त्यावर करायची. निर्णय तांडेलांचा. उत्तर दोन महिन्यांत, होकार असो वा नकार. फाइल बाहेर जाणार नाही, येऊन बघता येईल. परीक्षकाच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यात होती.

चौथा ऐवज सांगायला मला लाज वाटते. पहिल्या दोन महिन्यांचे मूळ मार्ग माझ्याकडे नाहीत. फोनवरून आलेल्या फाइली मी एका छोट्या प्रोग्रामने साफ करत होतो: दर मिनिटाला एक बिंदू ठेवायचा, उड्या मारणारे बिंदू काढायचे. तो प्रोग्राम साफ केलेली फाइल त्याच नावाने, त्याच जागी लिहीत होता. मूळ फाइल पुसली जात होती आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. फोनमधूनही तोवर त्या गेल्या होत्या.

मनात आलं, की साफ केलेल्यांनाच 'मूळ' म्हणावं. कुणाला कळणार होतं? पण कुठले बिंदू उड्या मारणारे हे मी ठरवलं होतं, आणि तो निर्णय त्या दोन महिन्यांपुरता आता कुणालाच तपासता येणार नाही. म्हणून एक वाक्य गेलं: या दोन महिन्यांचे मूळ मार्ग लेखकाच्या चुकीने नष्ट झाले असून केवळ प्रक्रिया केलेले उपलब्ध आहेत. ते लिहिताना हात जड झाला होता. परीक्षकाने त्यावर एवढंच विचारलं, की हे महिने वगळून निष्कर्ष बदलतो का. वगळून बघितलं, बदलत नव्हता, तेही लिहिलं.

राहिला कोड. तो माझा, म्हणून निर्धास्त होतो. भांडार खासगी होतं, ते खुलं करायचं एवढंच. बटण दाबण्याआधी सवयीने एक आज्ञा चालवली:

```
git log --all --oneline -- data/tracks/
```

सात ओळी आल्या. मार्गांच्या फाइली मी कधीच काढून टाकल्या होत्या, पण गिट काही विसरत नाही. जुन्या नोंदीत त्या जशाच्या तशा होत्या. बटण दाबलं असतं तर ओट्यावरचा चहा फुकट गेला असता. नोटबुकांतही तोच प्रकार: कोड स्वच्छ, पण खाली छापलेल्या उत्तरांत अक्षांश-रेखांश. मी इतिहास दुरुस्त करत बसलो नाही. लागणाऱ्या फाइलीच उचलून नवं भांडार केलं आणि नोटबुकांची उत्तरं पुसली:

```
jupyter nbconvert --clear-output --inplace *.ipynb
```

मग त्याची एक प्रत झेनोडोवर ठेवली. गिटहबवरचं भांडार मी उद्या पुसू शकतो किंवा बदलू शकतो. झेनोडोवरच्या प्रतीला कायमचा क्रमांक मिळतो आणि निबंध त्या ठरावीक आवृत्तीकडे बोट दाखवतो. मार्गांशिवाय कोड चालणार कसा? त्यासाठी त्याच रचनेची एक काल्पनिक फाइल जोडली, यंत्राने बनवलेल्या खोट्या बोटींची. तिच्या नावातच `synthetic` आहे आणि निवेदनात लिहिलं आहे की तिच्यावर कोड चालतो, पण निबंधातले आकडे येत नाहीत. शेवटी एका मित्राला, ज्याने हे काम कधी पाहिलं नव्हतं, निवेदन आणि दुवा देऊन बसवलं. पहिल्या दिवशी तो अडला, कारण एका लायब्ररीची आवृत्ती मी लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याची आकृती २ आमच्यासारखीच आली.

छापलेलं निवेदन इंग्रजीत आहे. मराठीत ते साधारण असं होईल:

"उपग्रह-चित्रे खुली असून त्यांची पूर्ण यादी जोडली आहे. खोल उधाणाच्या ओहोटीची चित्रे या संग्रहात अस्तित्वात नाहीत, त्यामुळे सर्वांत खालचा पट्टा मोजलेला नाही. भरतीचे मॉडेल मूळ संस्थेकडून नोंदणी करून घ्यावे. त्यातून काढलेल्या पातळ्या दिल्या आहेत. बोटींचे मार्ग तांडेलांच्या परवानगीच्या मर्यादेमुळे खुले नाहीत. दोन किलोमीटर चौकोनांचा सारांश दिला आहे, त्यातून आकृती २ पुन्हा काढता येते, तक्ता ३ काढता येत नाही. मार्ग पाहण्यासाठी विनंती खालील दोन पत्त्यांवर करावी. निर्णय तांडेलांचा असेल व दोन महिन्यांत कळवला जाईल. पहिल्या दोन महिन्यांचे मूळ मार्ग लेखकाच्या चुकीने नष्ट झाले आहेत. ते महिने वगळल्यास निष्कर्ष बदलत नाही. कोड व काल्पनिक नमुना-फाइल झेनोडोवर आहेत."

माझ्या पहिल्या वाक्यापेक्षा हे कितीतरी लांब आहे आणि त्यात 'नाही' हा शब्द बऱ्याचदा आला आहे. निबंध छापून आल्यावर आम्ही त्याचा प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. मैत्रिणीने त्यांना हा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. 'निर्णय तांडेलांचा' इथे त्यांनी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "ते नष्ट झालेलं तुझ्याकडून ना?"

"हो काका."

"मग पुढच्या वेळी दोन ठिकाणी ठेव."

आता मी तीन ठिकाणी ठेवतो.